‘आणि’ की ‘किंवा’? चवदार तळ्यामागच्या ठरावाची दोन भाषांतरे कशी तपासायची

एकाच उताऱ्याची दोन भाषांतरे घ्या आणि भाषांतरकारांनी केलेल्या निवडींची तुलना करा, असा गृहपाठ भाषांतर अभ्यासाच्या पेपरला हमखास असतो. विद्यार्थ्यांची उत्तरे बहुतेकदा एकाच वाक्यावर येऊन थांबतात. पहिले भाषांतर शब्दशः आहे, दुसरे ओघवते आहे, म्हणून दुसरे चांगले. या वाक्यात तुलना होत नाही. कोणता शब्द का निवडला आणि त्या निवडीमुळे मजकुराचा अर्थ किती सरकला, हे त्यातून कळत नाही.

महाड आणि पोलादपूरच्या विद्यार्थ्यांना या गृहपाठासाठी उतारा शोधायला लांब जायला नको. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागे जो सरकारी ठराव होता, तो मूळ इंग्रजीत आहे आणि अवघ्या एका वाक्याचा आहे. मात्र त्या वाक्यातला एक छोटा शब्द बदलला तर महाडचे तळे ठरावाच्या बाहेर पडू शकते. दोन भाषांतरांची तुलना नेमकी कशी करायची, हे याच वाक्यावर पाहू.

ठराव काय होता?

रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला हा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. त्यानंतर ११ सप्टेंबर १९२३ रोजी मुंबई सरकारने त्याच्या अंमलबजावणीबाबत आदेश काढला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्यायले. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

म्हणजे १९२३ चे ते एक वाक्य या साऱ्या घटनाक्रमाच्या मुळाशी आहे.

दोन नमुना भाषांतरे

तुलनेसाठी या वाक्याची दोन नमुना भाषांतरे येथे तयार केली आहेत. दोन्ही मुद्दाम वेगवेगळ्या कामांसाठी केली आहेत. पहिले अभ्यासकाच्या टिपणासाठी आहे, तर दुसरे माहितीफलकासाठी, म्हणजे उभ्याउभ्या वाचणाऱ्यासाठी आहे.

पहिले भाषांतर: ‘सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या मंडळांच्या कारभाराखाली असलेले सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, अशी शिफारस हे कायदेमंडळ करत आहे.’

दुसरे भाषांतर: ‘सरकारी पैशातून बांधलेल्या आणि सरकारी संस्था चालवत असलेल्या सर्व पाणपोया, विहिरी व धर्मशाळा दलितांसाठी खुल्या करण्याचा निर्णय कायदेमंडळाने घेतला. शाळा, न्यायालये, कार्यालये आणि दवाखान्यांतही त्यांना प्रवेशाचा हक्क मिळाला.’

पहिल्या वाचनात बहुतेकांना दुसरे आवडेल. वाक्ये छोटी आहेत आणि कुठे अडखळायला होत नाही. पहिल्यात एकच लांबलचक वाक्य आहे आणि त्याचे क्रियापद शेवटी येते. पण हा झाला वाचनाचा अनुभव. तपासणी यानंतर सुरू होते.

पहिली पायरी: वाक्याचे तुकडे पाडा

मूळ वाक्याचे अर्थानुसार तुकडे पाडून त्यांना क्रमांक द्यावेत. या वाक्याचे सहा तुकडे होतात: कोण बोलते आहे, ते काय करते आहे, कोणाबद्दल, त्यांना काय मिळावे, कोणत्या जागा आणि त्या जागांसाठी अट काय. मग एका तक्त्यात डावीकडे मूळ तुकडा आणि पुढे दोन्ही भाषांतरांत त्याचे काय झाले ते लिहावे. एखादा तुकडा गायब असेल तर ‘गाळला’, नवीन काही आले असेल तर ‘वाढवला’ आणि तुकडा असूनही अर्थ हलला असेल तर ‘सरकला’ अशी नोंद करावी.

या तक्त्यात एक गोष्ट लगेच दिसते. दुसऱ्या भाषांतरात जवळपास सगळे तुकडे हजर आहेत. कोणत्या जागा, कोणासाठी, कोणी म्हटले, सगळे आहे. फलक वाचणाऱ्याला काही सुटल्यासारखे वाटणार नाही. गडबड झाली आहे ती सरकलेल्या तुकड्यांत. त्यातला सर्वात महत्त्वाचा तुकडा शेवटचा, म्हणजे अटीचा आहे.

‘किंवा’ची जागा ‘आणि’ने घेतली तर?

मूळ इंग्रजीत जागांसाठी दोन अटी आहेत आणि त्यांच्या मध्ये ‘ऑर’ म्हणजे ‘किंवा’ आहे. जागा सार्वजनिक निधीतून बांधलेली आणि राखलेली असावी, किंवा तिचा कारभार सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थेकडे असावा. यातली एक अट पुरी झाली तरी पुरते. पहिल्या भाषांतराने हा ‘किंवा’ जपला आहे. दुसऱ्यात त्याचा ‘आणि’ झाला, म्हणजे दोन्ही अटी पुऱ्या होणे आवश्यक ठरले.

कागदावर हा फरक किरकोळ वाटेल. म्हणून दोन्ही भाषांतरे चवदार तळ्याला लावून पाहावीत. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ च्या निकालात या तळ्याचे वर्णन केले. तळे चार ते पाच एकरांचे, बहुतांशी नैसर्गिक आणि चारही बाजूंनी नगरपालिकेच्या रस्त्यांनी वेढलेले, असे ते वर्णन आहे.

आता पहिली अट पाहू. जे तळे बहुतांशी निसर्गानेच झालेले आहे, ते सार्वजनिक निधीतून ‘बांधले’ असे म्हणता येईल का? विरोध करू पाहणारा माणूस इथेच बोट ठेवेल. फार तर काठाचे काम झाले असेल, तळे कोणी बांधलेले नाही, असे तो म्हणेल. पहिल्या अटीत इंग्रजीतही ‘बांधलेले आणि राखलेले’ असाच जोड आहे. त्यामुळे नुसती देखभाल दाखवून ती अट पुरी होत नाही.

दुसऱ्या अटीत मात्र तळे सहज बसते. नगरपालिका ही कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे आणि तळे तिच्या कारभारात होते. म्हणजे चवदार तळे ठरावात येते ते या दुसऱ्या अटीमुळे. ती अट स्वतंत्रपणे उभी राहते ती मधल्या ‘किंवा’मुळे. दुसऱ्या भाषांतराने ‘आणि’ लिहून दोन्ही अटी बांधून टाकल्या आणि ज्या तळ्यासाठी लोक आज हा ठराव वाचतात, तेच तळे वादात ढकलले.

त्याच भाषांतरात आणखी एक शब्द सरकला आहे. मुळातल्या ‘पब्लिक’चा दुसऱ्या भाषांतरात ‘सरकारी’ झाला. नगरपालिकेचा पैसा सार्वजनिक असतो, कारण तो गावाच्या करांतून येतो. पण नगरपालिका म्हणजे सरकारचे खाते नव्हे. रोजच्या बोलण्यात आपण ‘सरकारी दवाखाना’, ‘सरकारी नळ’ असे सैलपणे म्हणतो, तीच सवय भाषांतरात उतरली. मूळ वाक्यात मात्र सरकारने नेमलेली मंडळे आणि कायद्याने निर्माण झालेली मंडळे अशी दोन वेगळी नावे घेतली आहेत. हा वेगळेपणा पुसला की नगरपालिका वाक्यातून बाहेर पडते. तो का महत्त्वाचा, ते पुढच्या मुद्द्यात कळते.

शिफारस, आदेश, सल्ला: क्रियापदाचे वजन

कायदेमंडळाने काय केले? पहिले भाषांतर म्हणते, ‘शिफारस’. दुसरे म्हणते, ‘निर्णय घेतला’ आणि पुढे ‘हक्क मिळाला’. मूळ इंग्रजी क्रियापद ‘रेकमेंड्स’ आहे, म्हणजे शिफारस. लोकांना काय मिळावे, त्यासाठी ‘बी अलाउड’ असा प्रयोग आहे, म्हणजे वापर करू द्यावा. हक्क हा शब्द त्या वाक्यात नाही.

दुसऱ्या भाषांतरकाराने हे जाणूनबुजून केले असेल असे नाही. ठरावाचा परिणाम मोठा झाला हे सगळ्यांना माहीत असते. त्यामुळे ‘शिफारस’ हा शब्द कमजोर वाटतो आणि हात आपोआप ‘निर्णय’ लिहून जातो. पण पुढचा इतिहास समजतो तो या कमजोर शब्दामुळेच.

११ सप्टेंबर १९२३ च्या सरकारी आदेशात याच शिफारशीच्या दोन वाटा केल्या होत्या. जी ठिकाणे सरकारच्या मालकीची आणि देखभालीची होती, तिथे खातेप्रमुखांनी ठराव अमलात आणावा असा निर्देश दिला. स्थानिक संस्थांसाठी मात्र भाषा मवाळ केली. जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांना ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे का, याचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, असे सांगितले. एका बाजूला ‘अमलात आणा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘विचार करण्याचा सल्ला द्या’. महाडची नगरपालिका दुसऱ्या बाजूला होती.

म्हणून नगरपालिकेला १९२४ मध्ये स्वतःचा वेगळा ठराव करावा लागला. म्हणूनच १९२७ मध्ये तो मागे घेणेही तिला शक्य झाले. फलकावर ‘कायदेमंडळाने निर्णय घेतला, हक्क मिळाला’ असे वाचणाऱ्या मुलाला साधा प्रश्न पडेल की १९२३ लाच हक्क मिळाला होता, तर चार वर्षांनी सत्याग्रह कशासाठी? भाषांतराने त्याच्यापासून उत्तर लपवून ठेवले आहे. हक्क मिळालेला नव्हता. परवानगीची शिफारस झाली होती आणि ती अमलात आणायची की नाही, हे गावावर सोडले होते.

पहिल्या भाषांतरातही एक त्रुटी आहे. मराठी वाक्यरचनेत क्रियापद शेवटी जाते. त्यामुळे इंग्रजीत सुरुवातीलाच येणारी ‘शिफारस’ तिथे सगळ्या यादीनंतर येते. घाईत वाचणारा ‘करू द्यावा’पर्यंत येऊन थांबतो आणि त्याला तो हुकूम वाटतो. अर्थ अचूक आहे, पण जोर सरकला आहे. ‘हे कायदेमंडळ अशी शिफारस करते की’ असे आरंभी घेतले असते तर रचना इंग्रजी वळणाची झाली असती, पण वजन जागेवर राहिले असते. अशा ठिकाणी दोन्ही बाजू लिहायच्या असतात: काय वाचले आणि त्याची किंमत काय दिली.

पाणवठा, पाणपोई आणि ‘टँक’

मूळ ठरावात तळे किंवा तलाव असा शब्दच नाही. तिथे ‘वॉटरिंग प्लेसेस’ आणि ‘वेल्स’ असे म्हटले आहे. विहिरीबद्दल प्रश्न नाही. तळे बसते ते ‘वॉटरिंग प्लेसेस’मध्ये, म्हणून त्या शब्दाचे मराठी काय होते हे पाहावे लागते.

पहिल्या भाषांतरातला ‘पाणवठा’ हा शब्द महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर अजून रोजच्या वापरात आहे. नदीवरची, ओढ्यावरची किंवा तळ्यावरची जी जागा पाणी भरायला, जनावरांना पाजायला ठरलेली असते, ती पाणवठा. सावित्रीच्या काठच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी शब्दातही माणसे आणि जनावरे दोन्ही येतात, त्यामुळे जोडी छान जुळते. तळ्याचा काठही यात आपोआप येतो.

दुसऱ्या भाषांतरातली ‘पाणपोई’ म्हणजे वाटसरूंसाठी माठ किंवा हौद भरून ठेवलेली जागा. तिथे कोणीतरी पाणी आणून ठेवलेले असते. तळ्याला कोणी पाणपोई म्हणणार नाही. ‘आणि’मुळे वादात पडलेले तळे ‘पाणपोई’ने यादीतून पूर्णच काढून टाकले. समजा कोणी ‘जलस्रोत’ लिहिले असते, तर उलटी गडबड झाली असती. जलस्रोतात आख्खी नदी आणि डोंगरातला झराही येतो. मुळात मात्र ‘ठिकाण’ अभिप्रेत आहे. भाषांतरातला शब्द मुळापेक्षा रुंद आहे की अरुंद, हे प्रत्येक नामासाठी विचारावे.

तळ्याच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. न्यायालयीन कागदपत्रांत चवदार तळ्याला ‘टँक’ म्हटले आहे. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या इंग्रजीत टँक म्हणजे तळे किंवा तलाव असाच अर्थ होता. आज मराठी माणसाच्या कानावर टँक हा शब्द येतो तो गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीसाठी. उन्हाळ्यात पोलादपूरच्या वाड्यांना पाणी पुरवणाऱ्या टँकरमध्येही तोच शब्द आहे. त्यामुळे इंग्रजी कागद मराठीत आणताना ‘चवदार टाकी’ अशी चूक होऊ शकते. गाव माहीत असलेल्याला हसू येईल, नसलेल्याला कळणारही नाही.

उच्च न्यायालयालाही निकालात हा शब्द समजावून द्यावासा वाटला. तळे म्हणजे एक लहान सरोवर म्हणा किंवा मोठा तलाव म्हणा, अशा आशयाचे स्पष्टीकरण तिथे आहे. इंग्रजीत ‘लेक’ आणि ‘पाँड’ यांच्यामध्ये जे बसते त्याला नेमका एक शब्द नव्हता. मराठीत तो ‘तळे’ आहे. बाबासाहेबांचे महाडचे मराठी भाषण इंग्रजीत आणणाऱ्यांपुढेही हीच अडचण आली. काही इंग्रजी अनुवादांत ‘लेक’ आढळतो, काही लेखनात ‘टँक’. लेक म्हटले की परदेशी वाचकाच्या डोळ्यांपुढे मोकळे, कोणाच्याही मालकीचे नसलेले पाणी येते. टँक म्हटले की वस्तीतले, वापराचे पाणी येते. महाडचा वाद वापराच्या पाण्याचा होता. त्यामुळे टँक अधिक नेमका आहे, पण नवख्या वाचकाला टीप द्यावी लागते.

लोकांना काय म्हणायचे?

मूळ वाक्यात ‘अनटचेबल क्लासेस’ आहे. पहिल्या भाषांतरात ‘अस्पृश्य वर्ग’, दुसऱ्यात ‘दलित’. आज ‘अस्पृश्य’ हा शब्द टोचतो आणि फलकावर तो टाळावासा वाटणे साहजिक आहे. पण १९२३ च्या ठरावाच्या तोंडी ‘दलित’ घातला की वाचकाला वाटते, त्या वेळचे सरकार आजच्या जाणिवेने बोलत होते. ‘अनुसूचित जाती’ लिहिणे त्याहून चुकीचे ठरेल. ती कायद्याची संज्ञा १९३५ च्या कायद्याने आली. ठराव त्याच्या बारा वर्षे आधीचा आहे.

चळवळीतले लोक स्वतःसाठी कोणता शब्द वापरत होते हेही पाहावे. १९२४ ची संस्था बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चे पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’ आणि महाडची परिषदही बहिष्कृत परिषद. ‘अस्पृश्य’ हा शब्द माणसावर गुण चिकटवतो. ‘बहिष्कृत’ म्हटले की कोणीतरी बाहेर ढकलले आहे, हे आपोआप सांगितले जाते. मग ठरावाच्या भाषांतरात ‘बहिष्कृत’ चालेल का? चालणार नाही, कारण तो चळवळीचा शब्द आहे, सरकारचा नाही. सरकारच्या वाक्यात तो घातला तर दोन्ही बाजू एकच भाषा बोलत होत्या असे दिसेल.

वापराप्रमाणे उत्तर बदलते ते इथे. अभ्यासकाच्या टिपणात ‘अस्पृश्य वर्ग’ अवतरणात ठेवणे योग्य, कारण तो पुरावा आहे. फलकावर ‘अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना’ असे लिहिता येते. यात ‘मानल्या गेलेल्या’ हे शब्द भाषांतरकाराने वाढवलेले आहेत. ते तक्त्यात ‘वाढवला’ म्हणून नोंदवायचे आणि कारणही द्यायचे. जर्मन अभ्यासक हान्स फेरमेअर यांनी मांडलेला प्रयोजनाचा सिद्धांत गृहपाठात वापरायचा असेल, तर तो अशा ठिकाणी लावावा. भाषांतर कशासाठी आहे यावरून निवड ठरते, असे तो सांगतो. मात्र ‘किंवा’चा ‘आणि’ कोणत्याही प्रयोजनाने समर्थनीय ठरत नाही. फलक सोपा असावा, पण त्यावर वेगळाच ठराव असू नये.

सोपे आणि अचूक एकत्र येऊ शकते का?

तुलनेच्या शेवटी विद्यार्थ्याने स्वतःचे तिसरे भाषांतर द्यावे, म्हणजे आपली टीका अमलात आणता येते की नाही हे कळते. फलकासाठी असे करता येईल:

‘अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा वापरू द्याव्यात, अशी शिफारस कायदेमंडळाने केली. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व राखलेल्या जागा तर यात होत्याच. पण सरकारने नेमलेल्या किंवा नगरपालिकेसारख्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या कारभारातल्या जागाही होत्या. सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांनाही ही शिफारस लागू होती.’

इथे एका वाक्याची चार वाक्ये झाली. ‘किंवा’ऐवजी ‘यात होत्याच, पण... जागाही’ अशी मराठी रचना आली, तरी दोन अटी वेगवेगळ्या राहिल्या. ‘नगरपालिकेसारख्या’ हा शब्द वाढवला आहे, कारण नुसत्या ‘कायद्याने स्थापन झालेल्या संस्था’तून महाडच्या वाचकाला काही उमगत नाही. ‘वापरू द्याव्यात’ हे रूप जवळच्या ‘धर्मशाळा’शी जुळते, ‘पाणवठे’शी नाही. भिन्न लिंगांची नामे एका ओळीत आली की मराठीत ही तडजोड करावीच लागते. यातले वाढवलेले आणि सरकलेले तुकडे लपवलेले नाहीत, ते सांगता येतात. पहिले दोन नमुने आणि हे तिसरे यांतला फरक तोच आहे.

चूक झाली हे ओळखायचे कसे?

दोन तपासण्या पुरेशा आहेत. पहिली म्हणजे उलट भाषांतर. मूळ न पाहिलेल्या मित्राला मराठी भाषांतर द्यावे आणि त्याला ते इंग्रजीत करायला सांगावे. परत आलेल्या इंग्रजीत ‘डिसायडेड’ किंवा ‘राइट’ दिसले, तर शिफारस कुठे हरवली ते कळते. ‘ऑर’ परत आला की ‘अँड’, हे तर एका नजरेत दिसते. या तपासणीला मर्यादाही आहे. मित्राने स्वतःच्या अंगाने काही बदलले असेल, तर तो दोष भाषांतरकाराच्या माथी मारला जातो. म्हणून फरक दिसला की आधी मराठी मजकुराकडे परत जावे.

दुसरी तपासणी अधिक भरवशाची. मजकूर ज्या वस्तूबद्दल आहे तिला तो लावून पाहावा. पहिल्या भाषांतरानुसार चवदार तळे ठरावात येते का? दुसऱ्यानुसार येते का? नगरपालिकेला तो बंधनकारक ठरतो का? दोन भाषांतरांची उत्तरे वेगळी आली, तर फरक शैलीचा नसून अर्थाचा आहे. उत्तरे सारखी आली, जसे ‘कचेऱ्या’ आणि ‘कार्यालये’ यांच्याबाबत येतील, तर तो फरक आवडीचा समजावा आणि त्यावर पाने खर्च करू नयेत.

गृहपाठात एक नोंद विसरू नये: मूळ इंग्रजी वाक्य कोणत्या छापील ठिकाणाहून घेतले. जुने ठराव वेगवेगळ्या पुस्तकांत उतरवताना एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. दोन भाषांतरकारांसमोर दोन वेगळे मूळ मजकूर असतील, तर तुलनाच फसते. आणि भाषांतरकाराच्या मनात काय होते, हे भाषांतरावरून सिद्ध करता येत नाही. मजकुराचे काय झाले, एवढेच सांगता येते.

शेवटी तळ्याचे काय झाले?

१२ डिसेंबर १९२७ रोजी तळ्याबद्दलचा दावा दाखल झाला आणि दोन दिवसांनी तात्पुरता मनाई हुकूम निघाला. त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावर जाणे पुढे ढकलावे लागले. त्याच परिषदेत २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. दावा महाड, ठाणे असे टप्पे पार करत उच्च न्यायालयात पोहोचला. तळ्याच्या वापरातून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी स्मरणातीत काळापासून चालत आली आहे, हे दावेदारांना सिद्ध करता आले नाही आणि १९३७ मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले. १९२३ च्या शिफारशीपासून या निकालापर्यंत चौदा वर्षे लागली.

पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापराबाबत भेदभावाला बंदी घातली गेली. तिथे राज्याच्या पैशातून ‘पूर्णतः किंवा अंशतः’ राखलेल्या जागा, अशी अट आहे. १९२३ च्या वाक्याशेजारी ती ठेवून पाहावी. ‘बांधलेले’ हा शब्द गेला, नुसती देखभाल पुरेशी झाली, अर्धीमुर्धी असली तरी चालेल असे ठरले आणि तलावाचे नाव स्पष्ट आले. शिफारशीची जागा मनाईने घेतली. निसर्गाने केलेल्या तळ्याला आता ‘बांधले कोणी?’ असे विचारून बाहेर ठेवता येत नाही. तिथला ‘किंवा’ मराठीत आणताना मात्र आजही तेवढेच जपावे लागते.